फेरतपासणी केली, चूक आढळली नाही

आमच्या क्लासला खिडकी नव्हती. नाशिकरोडला एका व्यापारी संकुलाच्या तळघरात, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, एक लांबट गाळा होता. त्यात बारा बाकं, तीन ट्यूबलाइट, एक फळा आणि पुढे एक लोखंडी शटर. सर आत आले की मागच्या बाकावरचा कुणीतरी उठून शटर खाली ओढायचा. रस्त्यावरचा आवाज येतो म्हणून, असं सर सांगायचे. आवाज येतच होता, रिक्षांचाही आणि झेरॉक्सच्या मशीनचाही. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शटर खाली गेलं की उत्तर जुळेपर्यंत कुणाची सुटका नसायची.

सर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, हिशोब विभागात नोकरी करून निवृत्त झाले होते. एम.कॉम.च्या मुलांना ते अकाउंट्स शिकवायचे आणि फार चांगलं शिकवायचे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही. दर शनिवारी ते एक मोठं गणित घालायचे. त्या गणिताचं उत्तर एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, तिची चार वेळा घडी करून, ती शर्टाच्या खिशात ठेवायचे. आम्ही सोडवायला बसायचो. ज्याचं आधी होईल त्याने हात वर करायचा, फळ्यावर जायचं आणि प्रत्येक ओळीचं कारण सांगत पूर्ण गणित मांडायचं. शेवटी सर खिशावर हात ठेवून एकच शब्द बोलायचे, ‘जुळलं’ किंवा ‘नाही’. कुठे चुकलं ते कधीच सांगायचे नाहीत. जुळलं की शटर वर. नाही म्हणाले की फळ्यावरच्याने तिथेच उभं राहून चूक शोधायची, नाहीतर खडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा. खडू देणाऱ्याने पुढचा महिनाभर शेवटच्या बाकावर बसायचं.

मी दोन वर्षांत एकदाही खडू दिला नव्हता. पहिल्या बाकावर, अगदी फळ्याला नाक लागेल अशी बसायचे. माझ्या नाकावर राग असतो हे घरचे लहानपणापासून सांगत आले आहेत, पण त्या क्लासमध्ये मला राग यायची वेळच यायची नाही, कारण माझं चुकायचंच नाही. निदान मला तसं वाटायचं, आणि वर्गालाही तसंच वाटायचं ही माझी खरी अडचण होती.

शेवटच्या बाकावर, शटरच्या अगदी जवळ, एक मुलगी बसायची. ती शिक्षा म्हणून नव्हे, स्वतःहून तिथे बसायची. ती रोज मनमाडहून गाडीने यायची. आम्ही तिला ‘मनमाड’च म्हणायचो, आणि ती हाकेला ओ द्यायची. मनमाडच्या एका खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर तिची रात्रीची पाळी असे, आठ वाजता सुरू होणारी. क्लास पाचला सुटायचा. पाच पन्नासच्या गाडीने निघाली की ती आठच्या आत काउंटरवर पोचायची. त्यानंतरची गाडी नऊच्या पुढे टेकवायची, आणि बसने गेलं तरी तेच. शनिवारचं गणित लांबल्यामुळे दोनदा तिची गाडी चुकता चुकता राहिली होती आणि दोनदा खरोखरच चुकली होती. दवाखान्याने तिला सांगितलं होतं की तिसऱ्यांदा उशीर झाला तर काउंटरवर दुसरी मुलगी बसवू.

मधल्या काळात सरांनी तिला दोनदा शटर अर्धं उचलून लवकर सोडलंही होतं. पण दुसऱ्या वेळी तेही म्हणाले होते, ‘‘तिसऱ्यांदा उठलीस तर पुन्हा येऊ नकोस. तुला सोडलं की सगळ्यांनाच गाड्या असतात.’’ हे सगळ्या वर्गासमोर बोलले होते. म्हणजे इकडे तिसरी वेळ आणि तिकडेही तिसरी वेळ. मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

त्या शनिवारी गणित होतं एकत्रीकरणाचं. एका कंपनीने दुसरी विकत घेतली की दोघींचा ताळेबंद एकत्र कसा मांडायचा, ते. गणित वाचायला सोपं होतं. मोठ्या कंपनीने लहान कंपनीचे ऐंशी टक्के शेअर्स अडतीस लाखांना घेतले. लहान कंपनीची निव्वळ मालमत्ता पुस्तकात बेचाळीस लाखांची, पण तिच्या जमिनीची आजची किंमत पुस्तकातल्यापेक्षा आठ लाखांनी जास्त. कराचा विचार करू नये. उरलेल्या वीस टक्के शेअर्सवाल्यांचा हिस्सा मालमत्तेच्या प्रमाणात धरावा. खाली बारीक अक्षरात चार टिपा.

साधारणपणे अशा गणितात गुडविल येतं. कंपनी घेणारा तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त पैसे मोजतो, तिचं नाव, गिऱ्हाइकं, जम बसलेला धंदा यांचे म्हणून. तो जास्तीचा आकडा म्हणजे गुडविल. मी आकडे मांडले. बेचाळीस अधिक आठ, पन्नास लाख. त्याचे ऐंशी टक्के चाळीस लाख. दिले अडतीस. म्हणजे चाळीस लाखांची वस्तू अडतीस लाखांना मिळाली! गुडविल नाहीच, उलट दोन लाखांचा फायदा. याला बार्गेन पर्चेस गेन म्हणतात. वर्षात एखाद्याच गणितात हे येतं, आणि आलं की सोडवणाऱ्याला आपण काहीतरी दुर्मीळ पकडल्यासारखं वाटतं. मला तर तेव्हा अगदी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साडेचार वाजले होते. मी हात वर केला.

फळ्यावर मी भराभर मांडत गेले. नियम असा आहे की असा फायदा आला तर तो लगेच मान्य करायचा नाही. आधी पुन्हा एकदा बघायचं, की घेतलेल्या कंपनीची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी आपण नीट ओळखलीत ना, आणि त्यांच्या किमती बरोबर धरल्यात ना. कारण शहाणा माणूस चाळीसची वस्तू अडतीसला सहसा विकत नाही. विकली असेल तर बहुधा आपल्याच मोजण्यात काहीतरी सुटलेलं असतं. हा नियम मला तोंडपाठ होता. परीक्षेत त्याला अर्धा मार्क असतो, म्हणून आम्ही सगळे असं गणित आलं की खाली एक ओळ लिहून टाकायचो. मीही लिहिली, सुवाच्य अक्षरात: ‘फेरतपासणी केली, चूक आढळली नाही.’ त्याखाली कॅपिटल रिझर्व्ह, म्हणजे असा फायदा ज्या राखीव खात्यात जातो ते, दोन लाख रुपये. दोन रेघा मारल्या आणि वळले.

सरांनी खिशावर हात ठेवला. ‘‘नाही,’’ म्हणाले.

मागे कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मी पुन्हा फळ्याकडे वळले. बेरीज पाहिली, बरोबर. टक्केवारी पाहिली, बरोबर. वीस टक्केवाल्यांचा हिस्सा दहा लाख, अडतीस अधिक दहा अठ्ठेचाळीस, पन्नासमधून वजा, दोन. दुसऱ्या रीतीने केलं तरी दोनच. माझ्या मते तर उत्तर सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ होतं, फक्त आमच्या तळघरात तो येत नव्हता.

‘‘टीप चार वाच ना,’’ मागून आवाज आला. मनमाडचा. ती बसल्या जागेवरून बोलली होती, दबकतच. ‘‘तो दावा हाय ना, तीन लाखांचा.’’

चौथी टीप मी वाचलेली होती. लहान कंपनीने एका गिऱ्हाइकाला सदोष माल दिला होता. माल सदोष होता हे कंपनीला मान्य होतं. गिऱ्हाइकाने नुकसानभरपाई मागितली होती, पण ती द्यावी लागेल असं वाटत नाही म्हणून कंपनीने पुस्तकात काहीच तरतूद केली नव्हती. या दाव्याचं वाजवी मूल्य तीन लाख. झालं. ती वाचता वाचताच माझं मन म्हणालं होतं, हे संभाव्य देणं. संभाव्य देण्याचं काय करायचं हे आम्हाला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. ते ताळेबंदात धरायचं नाही, फक्त खाली टीप द्यायची.

मी तिच्याकडे वळले आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘संभाव्य देणं आहे ते. ताळेबंदात येत नाही, खाली टीप देतात. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मनमाडला शिकवत नसतील तर माहीत नाही.’’

वर्ग हसला. वर्गाला हसायचंच होतं, सगळेच कंटाळले होते. ती हसली नाही. तिने वही बंद केली आणि मांडीवर ठेवली. सर खुर्चीतच बसून होते.

मला आज त्या क्षणाचा इतका राग येतो की लिहितानाही अक्षर वाकडं येतं. तेव्हा मात्र मला बरंच वाटलं होतं. चला, एकीचं तोंड बंद झालं.

पाच वाजले. पाच पाच. मी फळा अर्धा पुसून पुन्हा मांडला. तेच आलं. तिसऱ्यांदा मांडला. आता फळ्यावरचा प्रत्येक आकडा माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटायला लागलं. गळ्यापाशी घाम. खडूच्या भुकटीने बोटं कोरडी पडलेली. पंखा गरगरत होता पण हवा कुठली येणार, हवेलाही शटरच्या खालूनच यावं लागत होतं. मी तिथे उभी होते, पाठ वर्गाकडे, आणि मला वाटत होतं की मला इथून ना पुढे जाता येतंय ना मागे. पुढे फळा, मागे तीस जण.

‘‘गुडविल लिही ना काहीतरी,’’ दुसऱ्या बाकावरचा एक जण कुजबुजला. ‘‘सर दर वेळी गुडविलच ठेवतात.’’

‘‘असं कसं लिहू?’’

‘‘जमीन जुन्याच किमतीला धर. येतंय गुडविल.’’

त्याचं म्हणणं तितकंसं चुकीचं नव्हतं. जमीन वाढीव किमतीने धरलीच नाही तर मालमत्ता बेचाळीस, तिचे ऐंशी टक्के तेहतीस लाख साठ हजार, आणि अडतीस दिले म्हणजे चार लाख चाळीस हजार गुडविल. हे साफ चूक होतं. आजची किंमत गणितात दिलेली असताना ती सोडून द्यायची म्हणजे उत्तर हवं म्हणून डोळ्यांवर कातडं ओढायचं. मी मान हलवली. मी असलं काही करणार नव्हते. माझं बरोबरच होतं.

पाच पस्तीसला मनमाड उठून उभी राहिली. ‘‘सर, माझी गाडी.’’

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘काय ठरलं होतं आपलं?’’

ती उभीच राहिली. शटरची कडी तिच्या हातापासून दोन हातांवर होती. तिने कडीकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मग माझ्याकडे. ती नजर मी कधी विसरणार नाही, कारण तिच्यात राग नव्हता. बसस्टॉपवर उभं असताना आपण कोपऱ्यावर बघतो, बस येतेय का, तसं ती माझ्याकडे बघत होती. मग ती खाली बसली. परीक्षेला सव्वा महिना होता. क्लास सुटला तर वर्ष गेलं, आणि गाडी चुकली तर काम गेलं. दोन्ही वाचवायची तर मी येत्या पाच मिनिटांत उत्तर काढायला हवं होतं.

आणि मी काय केलं? मी जमीन जुन्या किमतीला धरली.

होय, मीच. दहा मिनिटांपूर्वी मान हलवणारी मी. मनात म्हटलं, हिच्यासाठी करतेय. खरंतर तिच्यासाठी करायचं असतं तर खडू तिच्या हातात द्यायला एक सेकंद लागला असता. मला तिला सोडवायचं होतं, पण मीच सोडवलं असं व्हायला हवं होतं. मी घाईघाईने आठ लाख पुसले, चार लाख चाळीस हजार गुडविल लिहिलं आणि कारण विचारल्यावर काहीतरी पुटपुटले.

‘‘नाही,’’ सर म्हणाले. मग पहिल्यांदाच एक वाक्य जास्त बोलले. ‘‘आधीचं निदान प्रामाणिक होतं.’’

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, तशी माझी गत झाली. बरोबर उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि चुकीचं उत्तरही आता माझं राहिलं नव्हतं. मी पुन्हा आठ लाख लिहिले. पुन्हा दोन लाख फायदा. मला रडू यायला लागलं होतं, पण फळ्याकडे तोंड करून रडता येतं हा एकच काय तो फायदा.

आमच्या तळघरातून स्टेशन तसं जवळ होतं. गाडी सुटताना भोंगा देते तो शटरमधूनही ऐकू यायचा. रोज आम्ही तो ऐकायचो आणि कुणाच्या लक्षातही यायचा नाही. त्या दिवशी तो लांबलचक वाजला. सगळ्यांनी एकाच वेळी मागे पाहिलं आणि एकाच वेळी पुन्हा पुढे.

तेव्हा मी खडू दिला. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, हात थकला म्हणून. मी बाकांच्या मधून शेवटपर्यंत चालत गेले आणि तिच्यासमोर खडू धरला.

तिने तो घेतला. आता तिला घाई नव्हती. ती सावकाश फळ्यापर्यंत गेली, माझे आकडे जसेच्या तसे ठेवले आणि पन्नास लाखांच्या खाली एकच ओळ लिहिली: वजा, गिऱ्हाइकाचा दावा, तीन लाख. सत्तेचाळीस. त्याचे ऐंशी टक्के सदतीस लाख साठ हजार. दिले अडतीस. गुडविल चाळीस हजार.

‘‘कारण?’’ सर म्हणाले.

‘‘रोजच्या हिशोबात असं देणं आपण धरत नाय, सर, फक्त टीप देतो. पण कंपनी विकत घेताना घेणारा तो दावाही विकत घेतो. माल खराब होता हे कंपनीनं कबूल केलंय, म्हणजे देणं आजचं हाय. त्याची किंमत मांडता येतेय. मग पैसे द्यावे लागायची शक्यता कमी असली तरी ते धरायला पायजे. घेणाऱ्यानं अडतीसच का दिले? कारण त्याला तो दावा दिसत होता.’’

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली.

सरांनी चिठ्ठी काढली. चार घड्या उलगडल्या. ‘गुडविल ४०,०००’. मग ते उठले आणि फळ्यावरच्या माझ्या त्या सुवाच्य ओळीवर बोट ठेवलं, फेरतपासणी केली, चूक आढळली नाही. म्हणाले, ‘‘ही ओळ तुम्ही सगळे लिहिता. केली का कुणी?’’ त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि त्या दिवशी शटर त्यांनी स्वतः वर केलं. उजेड आत आला तेव्हा आम्ही सगळेच डोळे मिचकावत होतो.

मी तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेले. तिने बोलावलं नव्हतं, मीच निघाले. ती काही चालायची थांबली नाही आणि माझ्यासाठी सावकाशही झाली नाही. फलाटावर पोचलो तेव्हा रुळांवर कुणी नव्हतं. चहाच्या गाड्यावर एक माणूस कप विसळत होता. ती बाकावर बसली, दवाखान्यात फोन लावला.

‘‘हो मॅडम... नाय, गाडी गेली... हो, तिसरी... हो, कळलं मला.’’ मग पिशवी चाचपत, ‘‘सोमवारी काउंटरच्या चाव्या आणून देते.’’

फोन ठेवून तिने पिशवीतून डबा काढला. त्यात शेंगदाणे आणि गूळ होता, रात्रीच्या पाळीत खायला आणलेला. तिने डबा माझ्यापुढे केला. मला तो नको म्हणता येईना आणि घेताही येईना.

‘‘तुला कधी कळलं?’’ मी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘दाव्याचं.’’

‘‘सव्वाचारला. तुझ्या आधी झालं होतं माझं.’’

‘‘मग हात का नाही वर केलास?’’

तिने एक शेंगदाणा सोलला. ‘‘मी फळ्यावर गेले की मला लय वेळ लागतो. सर कारण विचारतात, मी अडखळते. तू कशी भराभर बोलतेस. म्हटलं, हिला जाऊ दे, ही लवकर सोडवील. मला गाडी मिळंल.’’

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. नुसतं सांगितलं, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं. त्यानंतर पुढची गाडी येईपर्यंत सव्वा तास आम्ही तिथे बसून होतो. मी तिची माफी मागितली असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी तिला म्हणाले, ‘‘सरांनी तुला सोडायला हवं होतं.’’ ती म्हणाली, ‘‘हो, त्यांनीपण.’’ तो ‘पण’ माझ्यासाठी होता.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. मी फोन केला. काउंटरवर दुसरी मुलगी बसली होती. तिला स्वतःला मनमाडलाच एका कापडाच्या दुकानात काम मिळालं होतं, सकाळी दहा ते रात्री आठ. क्लासला यायला वेळच उरत नव्हता. ‘‘परीक्षा पुढच्या वर्षी देईन,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, नोट्स पाठवते. पाठवल्याही. तिने ‘मिळाल्या’ एवढंच कळवलं. पुढच्या वर्षी तिने परीक्षा दिली का ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं उत्तर.

आता मीही शिकवते. शटर लावत नाही, चिठ्ठी ठेवत नाही. पण एकत्रीकरणाच्या गणितात कुणाला फायदा आला आणि त्याने खाली ती ओळ लिहिली की मी त्याला तिथेच थांबवते. शेवटच्या बाकापासून सुरुवात करून प्रत्येकाला विचारते, तुला काय दिसलं? मुलांना वाटतं मॅडमना खोड आहे. असू दे.

सरांचा नियम होता, म्हणून मी पुढचा महिनाभर शेवटच्या बाकावर बसले. तिच्याच जागेवर. तिथून फळा लांब दिसत होता आणि शटरची कडी मात्र हाताशी होती. तिथे बसायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी वही ठेवताना माझ्या लक्षात आलं, बाकाच्या लाकडावर तिने पेन्सिलीने गाडीच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. त्याखाली दर शनिवारी एक रेघ. गाडी मिळालेल्या शनिवारी उभी रेघ, चुकलेल्या शनिवारी आडवी. आडव्या दोनच होत्या. तिसरी मी ओढायला पेन्सिल हातात घेतली, बराच वेळ धरून बसले, आणि पुढे सर ‘सुरू करा’ म्हणाले तशी ओढली.